लस दिली तरी केनेल कफ?

बोर्डिंगहून आल्यापासून कुत्रा खोकतोय. लस दिली होती. न्यूमोनिया तर नसेल?

गळपट्टा ओढला की कोरडी ढास लागते, शेवटी उबळ येऊन पांढरा फेस पडतो, पण खाणं-खेळणं नेहमीसारखं आहे, तर बहुधा केनेल कफच, म्हणजे कुत्र्यांमधला संसर्गजन्य खोकला. न्यूमोनियासाठी खोकल्यापेक्षा श्वास बघा. गाढ झोपेत ३० सेकंद छाती किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करा. १२ वेळा म्हणजे मिनिटाला २४, ठीक. २० म्हणजे ४०, त्याच दिवशी एक्स-रे काढा. ओला खोकला, ताप, खाणं सोडणं दिसलं तरीही. पिल्लू असेल तर अजिबात थांबू नका.

लस बोर्डेटेला, पॅराइन्फ्लुएन्झासारख्या जंतूंचा जोर कमी करते, संसर्ग पुरता अडवत नाही. मायकोप्लाझ्माही खोकला आणतो, त्यावर ती चालतच नाही.