आजीच्या शुगर-बीपीच्या गोळ्या आणि दोन वर्षांचं लेकरू

प्रश्न: सासू-सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या घरात कुठंही पडलेल्या असतात आणि माझा दोन वर्षांचा मुलगा सगळीकडे चढतो. गोळ्या ठेवायच्या कुठं? आणि कोणती ते न कळता त्यानं गिळलीच, तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं?

ताई, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. लेकरानं गोळी खाल्ली की आमच्याकडे बरेच लोक दवाखान्याच्या आधी मेडिकलवर येतात. हातात अर्धी पट्टी असते आणि "ही कशाची हो?" एवढंच विचारतात. म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तोंडात बोट फिरवून जे दिसेल, हाताला लागेल ते काढा, पण घशात खोल बोट घालू नका. उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी, साबणाचं पाणी, गोडेतेल, दूध, ताक, चिंचेचं पाणी यातलं काहीही पाजायचं नाही. आपल्याकडे फवारणीचं औषध पिलेल्यांच्या गोष्टी घरोघर ऐकलेल्या असतात, त्यामुळं "आधी ओकवा, मग पोट धुवा" हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. लहान लेकराला मिठाचं पाणी जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम चढून त्यानंच झटके येतात. गुंगीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. दवाखान्यातसुद्धा गोळ्यांसाठी पोट धुणं आता क्वचितच करतात. फार तर पहिल्या तासाभरात कोळशाची पूड देतात, आणि तेही कोणती गोळी आहे ते बघून. डॉक्टरांनी पोट धुतलं नाही म्हणून त्यांच्याशी भांडू नका.

लेकरू पेंगत असेल, झटके येत असतील, श्वास नीट नसेल तर १०८ लावा, डाव्या कुशीवर झोपवा आणि तोंडात काही घालू नका. हसतखेळत असेल आणि गाडी दारात असेल तर थेट निघा, पण मोटारसायकलवर चालवणाऱ्याच्या पुढं बसवून नव्हे. मागं दुसऱ्या माणसानं छातीशी धरून बसायचं, म्हणजे लेकरू पेंगायला लागलं तर लगेच कळतं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्यांचा मोफत नंबर १८०० ११६ ११७. वाटेत तिथं फोन लावा, पण फोन लागावा म्हणून घरी थांबू नका.

सोबत गोळ्या न्यायच्या. फक्त सापडलेली पट्टी नाही, घरातली औषधाची अख्खी पिशवी, फाटलेल्या चिंध्यांसकट. उलटी झाली असेल तर तीही डब्यात घ्या. किती वाजता झालं आणि लेकराचं वजन किती, या दोन गोष्टी डॉक्टर आधी विचारतील.

आता एक केस सांगतो. खुंटीला अडकवलेली आजीची पिशवी लेकरानं ओढून पाडली. वय दोन वर्षं, वजन ११ किलो. संध्याकाळी सातच्या सुमाराला आईला ते फाटलेली पट्टी घेऊन बसलेलं दिसलं, ओठाला पांढरा चुरा होता. बाप साडेसातला दुकानात आला. लेकरू काउंटरवर बसून कॅल्क्युलेटरशी खेळत होतं. बाप म्हणला, "काई झालं नाई त्याला. वाटलं तर सकाळी दाखवतो."

पट्टी बघितली तर ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र असलेली गोळी. मग आम्ही मोजलं. ५ तारखेला तीस गोळ्या घेतल्या होत्या, ६ तारखेपासून रोज सकाळी एक चालू, आणि त्या दिवशी २० तारीख. म्हणजे पंधरा संपायला हव्या होत्या आणि पंधरा उरायला. पट्ट्यांत निघाल्या बारा, आणि एक ओली होऊन फरशीवर सापडलेली. दोनचा हिशोब लागेना. आजी म्हणाली, "मधी एक दिवस इसरले असंन." पण ती विसरली असेल तर एक गोळी जास्त उरायला हवी होती, म्हणजे लेकराच्या पोटातल्या दोनच्या तीन होतात. जेवढ्या सापडत नाहीत तेवढ्या सगळ्या पोटात गेल्या असं धरूनच पुढं चालायचं. "थुंकली असेल", "कोंबडीनं टिपली असेल" हे मनाचं समाधान झालं.

त्यातल्या मेटफॉर्मिनची मला त्या प्रमाणात फारशी भीती नव्हती. भीती होती ग्लिमेपिराइडची. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड ही त्याच घराण्यातली. ही औषधं स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढतात. रक्तात साखर वाढलेली आहे की नाही याचा विचार न करता काढतात. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा असतो, दोन वर्षांच्या लेकराकडे तो थोडकाच. त्यामुळं एकच गोळीसुद्धा लेकराच्या जिवावर बेतू शकते. आणि हे लगेच होत नाही. पहिले काही तास लेकरू अगदी चांगलं दिसतं. साखर कधी दोन तासांत उतरते, कधी आठ तासांनी, कधी त्याहून उशिरा.

संध्याकाळी खाल्लेली गोळी म्हणूनच जास्त घातकी. लेकरू नऊला झोपतं, घरचे म्हणतात दमलं असेल. झोपेत साखर उतरली की घाम येतो, हातपाय गार पडतात, अंग ढिलं होतं, आणि हे अंधारात कुणाला दिसत नाही. पहाटे झटका येतो तेव्हा घर जागं होतं.

बापाला तसंच ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथं आठ वाजता साखर ९४ भरली, नऊला ८८. बाप पुन्हा घरी न्यायच्या गोष्टी करायला लागला. दहाला ७१ झाली. अकराला लेकरू झोपलेलं, कपाळ घामानं ओलं, आणि साखर ४६. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती १३० च्या वर गेली आणि एक वाजता पुन्हा ५२. हे पुन्हा उतरणं या औषधाचा स्वभावच आहे, कारण दिलेली साखर बघून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. मग सलाईन चालू ठेवून १०८ नं मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथं ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शन असतं, ते इन्सुलिन सुटणंच रोखतं. ते प्रत्येक तालुक्याला मिळेल असं नाही. तिसऱ्या दिवशी लेकरू घरी आलं.

तेव्हा शुगरच्या गोळीचा नुसता संशय असला तरी दवाखान्यात एवढं मागा: बोटातून साखर दर तासाला बघा आणि रात्रभर ठेवून घ्या. एकदा साखर नॉर्मल आली म्हणून सुट्टी घेऊन येऊ नका. निघताना लेकरू पूर्ण शुद्धीत असेल, स्वतः गिळत असेल आणि दवाखाना लांब असेल, तर वाटेत साखरपाणी द्यायचं का ते डॉक्टरांना फोनवर विचारा. दिलं तरी तो वाटेपुरता आधार आहे, इलाज नाही. बीपीच्या गोळ्यांचीही हीच तऱ्हा. ॲम्लोडिपिनसारख्या गोळीनं रक्तदाब उशिरा आणि खोल उतरू शकतो, म्हणून तिथंही लेकरू खेळतंय यावर भरवसा ठेवायचा नाही.

आता ठेवण्याचं. उंची हा उपाय नाही. कोनाडा, फ्रिजचा माथा, टीव्हीवरची फळी, सगळीकडं दोन वर्षांचं लेकरू खुर्ची ओढून किंवा पलंगाच्या कठड्यावरून पोचतं. कुलूप लागतं. लोखंडी कपाटाचा एक कप्पा किंवा पत्र्याची पेटी, आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. कुलपाच्या बाहेर राहणाऱ्या गोळ्या कुठं असतात तेही बघा: आजीच्या पदराची गाठ, उशीखालची पुडी, आणि दिवाळीला आलेल्या आत्याची पर्स.

पण कुलूप घातलेल्या घरातसुद्धा घात होतो तो गोळी घ्यायच्या वेळी. सासूबाई तीन गोळ्या वाटीत काढतात, पाणी आणायला उठतात, दारात कुणी आलं की तिथंच बोलत बसतात. गोळी पट्टीतून थेट तळहातावर आणि तिथून तोंडात, मधे वाटी नको. दृष्टी अधू असेल तर सुनेनं किंवा मुलानं हातावर द्यावी. वारांच्या कप्प्यांची प्लास्टिकची डबी विसराळू माणसाला सोयीची, पण ती लेकराला सहज उघडते, आणि तिच्यातल्या गोळ्यांना नाव नसतं. ठेवायचीच असेल तर तीही कुलपातच.

नाव टिकवायचं काम आमच्या हातातही असतं. पाच गोळ्या मागितल्या की पट्टी कात्रीनं कापतात आणि नाव नेमकं दुसऱ्या तुकड्यावर जातं. मेडिकलवाल्याला स्पष्ट सांगा, नाव असलेला तुकडा द्या, नाहीतर अख्खी पट्टी द्या. सुट्ट्या गोळ्या पुडीत घ्यायच्याच नाहीत. घरात नाव नसलेल्या बाजूनं पट्टी फोडायची सवय लावा, पट्टीवर पेनानं घेतलेली तारीख लिहा, आणि घरातल्या प्रत्येक पट्टीचा दोन्ही बाजूंनी फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वरच्या केसमध्ये हिशोब लागला तो आजीच्या नातवानं पट्टीवर ५ तारीख लिहून ठेवली होती म्हणून.

सासू-सासऱ्यांच्या गोळ्यांसोबत आणखी एक बघा. घरात गरोदर बाई किंवा बाळंतीण असेल तर आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या असतील. दिसायला तुकतुकीत, म्हणून लेकरं मुठीनं खातात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ११ किलोच्या लेकराला चार गोळ्यांपासून उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात, दहा-अकरा गेल्या तर जिवाला धोका. कोळशाच्या पुडीला लोह चिकटत नाही, त्यामुळं तिचा इथं उपयोग नाही. आणि इथंही फसगत होते. उलट्या थांबतात, लेकरू निवांत पडतं, आणि सहा ते चोवीस तासांच्या त्या निवांतपणानंतर कधीकधी रक्तदाब कोसळतो, यकृत बिघडतं. लाल गोळ्या खाऊन उलट्या झालेलं लेकरू उलट्या थांबल्या तरी दवाखान्यातच ठेवायचं.