‘म्हणून दाखवा’ इथेच का अडतं

मेंदूच्या इजेने भाषा बिघडलेला, म्हणजे वाचाघाताचा रुग्ण भरभर बोलतोय, तुझं सगळं समजतंय, तरी तपासणी तिथेच थांबवू नकोस. वाक्य पुन्हा म्हणायला सांग. समज, तू म्हणालीस, “आज बाजारात भाजी महाग आहे.” तो म्हणेल, “भाजीचे भाव वाढलेत.” ही चूक नीट ऐक. अर्थ पोचला, शब्द मात्र निसटले. हा वहन-वाचाघात.

अर्थ समजायला ऐकलेला ध्वनी जसाच्या तसा लागत नाही. मनातला विचार बोलताना शब्द अर्थाकडून येतात. पुन्हा म्हणताना मात्र ऐकलेली ध्वनींची रांग क्षणभर धरून उच्चाराकडे न्यावी लागते, आणि दुखापत नेमकी त्या वाटेवर असते. जर्मन मेंदूतज्ज्ञ वेर्निकेने 1874 मध्ये असा दुवा तुटण्याची कल्पना मांडली. 1965 मध्ये अमेरिकन मेंदूतज्ज्ञ गेश्विंडने ऐकण्याचे आणि बोलण्याचे भाग जोडणाऱ्या आर्क्युएट तंतुपट्ट्यावर भर दिला. पण सगळा दोष त्या पट्ट्यावर टाकू नकोस. डाव्या कानशिलामागचा, पार्श्विक आणि शंख खंडांच्या सांध्यावरचा मेंदूचा बाह्यस्तर दुखावला तरी हेच दिसतं.

मग ‘केळफूल’ हा शब्द म्हणायला दे. “फेळ... केफूळ... केळफू... केळफूल!” स्वतःची चूक कळते, म्हणूनच तो धडपडतो. निरर्थक शब्दांवर तर हमखास अडखळतो. तिथे अर्थाचा आधारच नसतो.