मुद्द्याआधी एक मोकळी स्लाइड

प्रश्न: इन्स्टाग्रामवर पैशांच्या विषयांवर मराठी कॅरोसेल करतो. प्रत्येक स्लाइड माहितीने भरलेली असते, तरी लोक चौथ्या-पाचव्या स्लाइडलाच निघून जातात. मुख्य मुद्दा सातव्या स्लाइडवर असतो, तो कुणी बघतच नाही. कुठे चुकतंय?

बहुधा तुमच्या सगळ्या स्लाइडचं वजन सारखंच आहे. मीही बरेच दिवस तेच करत होते. एका चार्टर्ड अकाउंटंटसाठी गृहकर्जावर नऊ स्लाइडचं कॅरोसेल केलं होतं. प्रत्येक स्लाइडवर तीसेक शब्द, वर मथळा, खाली एक आयकॉन. दिसायला अगदी नीटनेटकं. टाकण्याआधी जाऊबाईंच्या हातात फोन दिला आणि त्यांच्या अंगठ्याकडे बघत बसले. पहिल्या दोन स्लाइड त्यांनी नीट वाचल्या. तिसरीपासून अंगठा एकाच चालीत सरकायला लागला, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला होता ती आकड्याची स्लाइडही त्याच चालीत निघून गेली. "पाच वर्षांत कर्ज किती फिटलं?" असं विचारलं तर म्हणाल्या, "बरंच काहीतरी."

दोष मजकुरात नव्हता. दर स्लाइडला तेवढेच शब्द दिसले की वाचणारा दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडलाच आपली गती ठरवून टाकतो, मग आत काय लिहिलंय याने ती बदलत नाही. ती बदलायची तर स्लाइडचं वजनच बदलावं लागतं.

तेच कॅरोसेल मी पुन्हा कसं मांडलं ते सांगते. उदाहरण होतं ३० लाखांच्या कर्जाचं, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता येतो २६,९९२ रुपये. पहिल्या स्लाइडवर फक्त प्रश्न: पहिल्या ५ वर्षांत किती कर्ज फिटतं? दुसरी हलकी, तिच्यावर वरचे तीन आकडे आणि हप्ता, बाकी काही नाही. तिसरी भरगच्च: पहिल्या हप्त्यातले २२,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून फक्त ४,४९२ कमी होतात, हे हिशोबासकट. चौथी पुन्हा हलकी, एकही वाक्य नाही. हप्त्याची एक उभी पट्टी, बहुतेक सगळी तपकिरी, तळाशी हिरव्या रंगाचा छोटा तुकडा. तिसरीवर वाचलेलं इथे डोळ्यांना दिसतं, म्हणून ही नुसती सजावट ठरत नाही. हलक्या स्लाइडने आधीच्या जड स्लाइडचं काहीतरी काम उचललंच पाहिजे, नाहीतर लोकांना ती भरतीची वाटते.

पाचवी सगळ्यांत जड. वर्षावर्षाचा छोटा तक्ता आणि खाली बेरीज: ६० हप्ते, एकूण १६,१९,५२० रुपये भरले. सहावीवर डाव्या बाजूला, मधोमध, तीनच शब्द: "आणि कर्ज उरलं…" बाकी सगळी स्लाइड मोकळी. सातवीवर एकच आकडा, २६ लाख ६१ हजार, आणि त्याखाली बारीक ओळ: १६ लाख भरून कर्ज कमी झालं साधारण ३ लाख ३९ हजारांनी.

सहावी स्लाइड पाचवीनंतर आहे, चौथीनंतर नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. हलक्या स्लाइडनंतर अंगठा आधीच वेगात असतो. तिथे मोकळी स्लाइड ठेवली तर ती आणखी एक हलकी स्लाइड म्हणून निघून जाते. जड स्लाइडवर माणूस थांबून वाचत असतो. तिथून एकदम मोकळ्या जागेत आला की तो थबकतो, आणि पुढच्या आकड्याच्या आड दुसरं काही येत नाही. कीर्तनात बुवा ऐन वळणावर टाळ थांबवतात, तसंच. सातवी स्लाइडही शब्दांनी हलकीच ठेवा. एवढी वाट बघायला लावून पुढे परिच्छेद दिला तर थांबवल्याचा उपयोग शून्य.

आठवी पुन्हा भरगच्च होती: व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं म्हणून असं होतं, आणि दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर हे कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत संपतं. आकडा बघून जो चमकला तो ही स्लाइड मन लावून वाचतो. नववी हलकी.

मोकळ्या स्लाइडवर माझी पहिल्यांदा फजिती झाली होती. मी ती साफ रिकामी ठेवली होती, नुसता गडद निळा रंग. दोघांनी कॉमेंटमध्ये लिहिलं की पुढची स्लाइड लोड होत नाहीये. बाकी किती जणांना पोस्ट संपली असं वाटलं असेल, देव जाणे. तेव्हापासून तीन गोष्टी पाळते. पार्श्वभूमी आधीच्या स्लाइडचीच. वाक्य अर्धं तोडलेलं, म्हणजे पुढे काहीतरी आहे हे कळतं. आणि एक रेघ उजव्या कडेला कापली जाऊन पुढच्या स्लाइडवर चालू राहते. रेघ नेमकी जुळावी म्हणून सहावी आणि सातवी स्लाइड २१६० बाय १३५० च्या एकाच पानावर काढते आणि मधोमध कापून १०८० च्या दोन करते. शब्द ज्या उंचीवर संपतात त्याच उंचीवर पुढचा आकडा येतो, त्यामुळे नजरेला शोधाशोध करावी लागत नाही.

जड म्हणजे किती जड, यालाही मर्यादा आहे. देवनागरीत वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं, त्यामुळे इंग्रजी टेम्प्लेटमधलं ओळींतलं अंतर आपल्याला पुरत नाही. मी अक्षराच्या दीडपट अंतर ठेवते आणि अक्षर ४४ पिक्सेलच्या खाली नेत नाही. एवढं पाळलं की चाळीसेक शब्दांच्या वर स्लाइड गिचमिड व्हायला लागते. त्याहून जास्त असेल तर मी दोन स्लाइड करते आणि मध्ये चित्राची हलकी घालते.

वजन बघायचा सोपा उपाय म्हणजे सगळ्या स्लाइड स्क्रीनवर एका ओळीत इतक्या लहान करायच्या की अक्षरं वाचताच येऊ नयेत. मग नुसते करडे ठोकळे दिसतात. सलग तीन ठोकळे सारखेच गडद दिसले तर तिथेच लोक गळतात. सलग तीन फिके असतील तर तिथे अंगठा पळतो.

मोकळी स्लाइड एका कॅरोसेलमध्ये एकदाच ठेवा. दोनदा केलं की लोकांना युक्ती कळते, आणि दुसऱ्या वेळी चिडचिड होते. पाच स्लाइडच्या पोस्टमध्ये तर तिची गरजच नाही. दुसऱ्या क्रमांकावर तर मुळीच नको, कारण पहिली स्लाइड बघून पुढे गेलेल्या माणसाला इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं, आणि त्याला तिथे "आणि कर्ज उरलं…" एवढंच दिसलं तर काय बोध होणार?

एका प्रकारच्या पोस्टमध्ये मात्र मी हे काहीच करत नाही. गृहकर्जासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी लोक सेव्ह करतात आणि बँकेत रांगेत उभं राहून उघडतात. तिथे मोकळी स्लाइड आली की ते वैतागतात.