निबंधात पानिपत घे, पण जरा जपून

अरे, "इतिहास जेते लिहितात" यावर निबंध असला की सगळे हो किंवा नाही म्हणून मोकळे होतात, तू तसं करू नकोस, आधी कोणी, कधी आणि कुठल्या कागदांवरून लिहिलं ते बघ. बाजूने ग्रँट डफ घे. १८१८ ला पेशवाई बुडाली, हा कंपनीचा माणूस साताऱ्याला नेमला गेला, जुनी दफ्तरं त्याला बघायला मिळाली आणि १८२६ ला त्याचा मराठ्यांचा इतिहास छापून आला, म्हणजे जिंकणाऱ्याच्या हातात सत्ता पण आणि कागद पण.

विरोधात पानिपत. १४ जानेवारी १७६१ ला अब्दाली जिंकला, पण आपल्याकडे घरोघरी जे पानिपत माहितीये ते मराठी बखरींमधून आलंय, म्हणजे हरलेल्यांकडून. आता खरी गंमत काशीराजची, हा मूळचा दक्षिणी पण नोकरी अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्याकडे, म्हणजे अब्दालीच्या गोटात, आणि त्याने फारसीत लिहिलेली हकीकत दोन्हीकडचे अभ्यासक वापरतात. याला जेता म्हणशील की हरलेला? माझ्या मते निबंधाचा अर्धा भाग इथेच खर्च कर. आणि हो, इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ मध्ये १७५० ते १७६१ ची मराठी पत्रं छापली, डफला उत्तर असं कागदांनीच देता आलं, हे शेवटी लिही.