रिपोर्टच्या फोटोतला 'एस ४०'

"मॅडम, पोरीच्या रिपोर्टचा फोटू पाठवला. एस ४० लाल अक्षरात हाये. तिले सिकलसेल झाला का जी? सोयरीक चालू हाये, पोराकडच्यायले काय सांगू?"

गडचिरोलीकडच्या एका आईचा हा निरोप. फोटो एचपीएलसीचा होता, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा कोणता प्रकार किती टक्के हे मोजणाऱ्या तपासणीचा. वरचं नाव-तारीख कापलेली, खालच्या ओळी बोटाखाली झाकलेल्या. दिसत होतं एवढंच: ए ५१, एस ४०.

फोनवर त्यांना आधी लाल रंगाचं सांगितलं. आकडा नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला की मशीन तो तसा छापतं, आजार किती मोठा हे त्यातून कळत नाही. ए म्हणजे साधं हिमोग्लोबिन, एस म्हणजे सिकलचं. वाहकात, म्हणजे एएसमध्ये, दोन्ही असतात आणि ए जास्त असतं. ग्रस्तात, म्हणजे एसएसमध्ये, ए जवळपास नसतंच. त्या हिशेबानं हा रिपोर्ट वाहकाचा दिसत होता, आणि आईला तेच ऐकायचं होतं. पण हा शब्द उच्चारण्याआधी मी एक प्रश्न कधीच सोडत नाही.

"तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं का?"

"हो ना जी, मागच्या महिन्यात तीन पिशव्या. हातपाय लई दुखत होते."

मग कागदावरचं ए मुलीचं किती आणि रक्त देणाऱ्यांचं किती, हे सांगता येत नाही. एसएस असलेल्या मुलीचा रिपोर्टही रक्त चढवल्यावर असा वाहकासारखा दिसू शकतो. माझं वाचन इथंच थांबलं. "तिच्या रक्तात एस आहे, इतकं नक्की. वाहक की ग्रस्त, ते डॉक्टर ठरवतील," असं मी स्पष्ट सांगितलं. त्या थोड्या नाराज झाल्या. ते चालतं, चुकीचा दिलासा मात्र पुढे लग्नाच्या बैठकीपर्यंत जातो.

मूळ कागद, भरतीची फाइल आणि रक्त दिल्याची तारीख घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. अंगदुखीचं कारणही त्यांनीच शोधायचं होतं. मधेच ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हेही बजावलं. डॉक्टरांनी मुलीची तपासणी शेवटच्या पिशवीनंतर तीन महिन्यांनी पुन्हा ठेवली आणि आईवडिलांची लगेच केली. दोघंही एएस निघाले. एक जण जरी एए, म्हणजे एस अजिबात नसलेला, निघाला असता तरी मुलीचं एसएस असणं बाद झालं असतं. आता ती शक्यता उरलीच.

सोयरिकीसाठी मात्र तीन महिने थांबायची गरज नव्हती. मुलाची एचपीएलसी आजही होते. त्याचा रिपोर्ट एए आला आणि थॅलेसेमियाही नसला, तर मुलगी वाहक असो की ग्रस्त, त्यांच्या मुलांना एसएस होत नाही; फार तर ती वाहक होतील. तो एएस असेल आणि मुलगीही वाहक ठरली, तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक. मुलगी ग्रस्त ठरली तर दोनात एक. पोराकडच्यांना सांगायचं ते हेच, आणि मुलीशी आधी बोलून.