"तेवढंच" म्हणून सोडलेली खाज

"ताई, मे महिन्यात, नववा लागल्यावर, बाळ पोटातच गेलं. आदल्या दिवशीपर्यंत हालत होतं. सासूबाई म्हणतात, मी केळीच्या बागेत गेले म्हणून झालं. शेवटचे पंधरा दिवस रात्री तळहात-तळपाय खाजायचे, झोप नव्हती, तेवढंच. हे फार जपतात, मला त्रास नको म्हणून दवाखान्याची फाईल माळ्यावर टाकलीय. पुन्हा दिवस राहू देऊ का?" – रावेर तालुक्यातली बहीण

बाई गं, ते "तेवढंच" वाचून मी थांबले. आपल्याकडच्या मे महिन्यात खाज सुटली की सगळे उन्हावर ढकलतात. पण घामोळं मानेवर, पाठीवर उठतं, पुरळ दिसतं. तुझे खाजत होते तळवे, तेही रात्री. अंगावर पुरळ नसेल, फक्त नखांचे ओरखडे असतील, तर ते ऊन नव्हे. यकृताकडे बघायला हवं होतं.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काहींच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही आणि रक्तात बाईल अॅसिड साठतं. ते लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या पुढे गेलं की बाळ दगावण्याचा धोका स्पष्ट वाढतो. बाळाचं हृदय अचानक थांबतं. आदल्या दिवशीची सोनोग्राफी चांगली असू शकते, हालचालही. केळीच्या बागेचा याच्याशी काही संबंध नाही.

तुला हेच झालं, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. बाळंतपणानंतर हे रक्त काही आठवड्यांत पूर्ववत होतं, त्यामुळे आजच्या तपासणीत तेव्हाचं दिसणार नाही. उरलीय ती फाईल. भरती करताना काढलेल्या रक्तात यकृताचा त्रास दाखवणारं एसजीपीटी वाढलेलं होतं का, बीपी-शुगर किती होती, बाळाचं वजन किती भरलं, वार कशी होती, हे तिच्यातच आहे. आणि तुझा नवरा जपण्याच्या नावाखाली नेमकी तीच माळ्यावर टाकून बसलाय! मला त्याचं कौतुक वाटत नाही. दुःख तुझं आहे, कागदही तुझे आहेत.

फाईल आजच खाली काढायला लाव. दोघं मिळून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि यकृताची तपासणी आत्ता करून घे. ती अजूनही बिघडलेली आली, तर आजार वेगळा आहे. त्याचा शोध आधी, दिवस नंतर. चांगली आली, तर डॉक्टरांशी बोलून राहू दे. तोवर गर्भनिरोधक गोळी घ्यायची असेल तर खाजेचं सांगूनच घे. काही गोळ्यांनी ती परत येते.

हा आजार असेल तर पुढच्या खेपेला तो बहुधा परत येतो. तळवे खाजले की त्याच दिवशी बाईल अॅसिड आणि यकृताची तपासणी, मग दर आठवड्याला. 100 च्या वर गेलं तर डॉक्टर 35-36 आठवड्यांतच बाळंतपण करतात. यावर डॉक्टर देतात त्या अर्सोच्या गोळीने खाज थोडी कमी होते, पण तिच्या भरवशावर दिवस भरू देऊ नकोस.

डॉक्टरांसमोर बसलीस की बागेचं सांगू नकोस. खाजेपासून सुरुवात कर.