पट खरा की पट्टी?

«कांद्याच्या सालीच्या फोटोखाली ‘×४००’ असं छापलंय आणि कोपऱ्यात ‘५० मायक्रोमीटर’ची पट्टीही आहे. पेशीचं खरं माप काढताना पट धरायचा की पट्टी? आणि ‘चारशे पट’ म्हणावं की ‘चारशे पटीने’?» — जळगावहून एक शिक्षिका

ताई, दुसरा प्रश्न आधी उरकतो: ‘चारशे पट’. ‘चारशे पटीने मोठी’ ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण त्यात मूळ माप धरून चारशे की वर आणखी चारशे, हे कुणीच सांगत नाही. आणि हे चारशे फक्त लांबीचे, बरं का. क्षेत्रफळ एक लाख साठ हजार पट होतं.

आता गंमत बघा. पट्टी हे संस्कृत ‘पट्ट’चं लेकरू, म्हणजे कापडाचा लांबट तुकडा. ‘दुपट्टा’ही त्याच घरातला. माझं ठाम मत असं की ‘दुप्पट’मधला ‘पट’ही कापडाच्या घडीतूनच आला: कापड दुमडलं, दोन पट झाले. आमच्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक हे साफ नाकारतात आणि ‘पट्टी’ऐवजी ‘प्रमाणरेषा’ म्हणा, असा हट्ट धरतात. धरोत बापडे. प्रयोगशाळेत पोरं पट्टीच म्हणतात. शिवाय पट म्हणजे मूळ कापडाशी असलेलं नातं आणि पट्टी म्हणजे खुद्द कापडाचा तुकडा, हा फरक त्यांच्या रेषेत कुठे दिसतो?

तोच फरक तुमच्या फोटोत कामाला येतो. पट्टी चित्राच्या आतच छापलेली असते, म्हणून चित्र लहान-मोठं केलं की तीही त्याच प्रमाणात बदलते. ‘×४००’ हा आकडा मात्र तिथेच बसून राहतो.

समजा मूळ छपाईत पट्टी फुटपट्टीने २० मिलिमीटर भरते. २० मिलिमीटर म्हणजे २०,००० मायक्रोमीटर. त्याला ५० ने भागलं की ४००, म्हणजे पट आणि पट्टी जुळले. पेशी ९२ मिलिमीटर लांब दिसली तर ९२ ÷ ४०० = ०.२३ मिलिमीटर, म्हणजे २३० मायक्रोमीटर. आता तेच पान मोबाइलने टिपून लहान करून छापलं. पट्टी १४ मिलिमीटर झाली, पेशी ६४. पट्टीवरून ६४ ÷ १४ × ५०, म्हणजे पुन्हा सुमारे २३०. चारशेने भागणारा मात्र १६० काढतो आणि वहीत ठोकून देतो.

मग छापलेला आकडा टाकून द्यायचा? नाही, तो पट्टीची उलटतपासणी करतो. पट्टीची मोजलेली लांबी भागिले तिच्यावर लिहिलेलं माप, म्हणजे या कागदावरचा खरा पट. वरच्या नकलेत तो २८० येतो. चित्र सत्तर टक्क्यांवर आणलंय, एवढंच. पण आकार न बदललेल्या छपाईत ४०० च्या जागी १०० आला, तर कान टवकारा. सूक्ष्मदर्शकाच्या दहाच्या आणि चाळीसच्या वस्तुभिंगांत नेमका चौपटीचा फरक असतो. फोटो चाळीसने काढला आणि कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दहाचं भिंग निवडलेलं राहिलं, तर पट्टीच खोटी पडते. तीच पेशी मग ९२० मायक्रोमीटरची होईल, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर! अशी पेशी सालीवर नुसत्या डोळ्यांनीही दिसायला हवी. पट्टी खरी की खोटी याचा निकाल काचपट्टीवर कोरलेल्या मापाचा त्याच भिंगाने फोटो काढून लावायचा. या काचेवर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे एकेक भाग १० मायक्रोमीटरचा.

एक घोळ मात्र फार दिसतो. नेत्रभिंग १० आणि वस्तुभिंग ४० म्हणून ४०० लिहून मोकळे होतात. तो डोळ्याचा हिशेब झाला. कागदावरचा पट कॅमेऱ्यावर आणि छपाईवर ठरतो. तेव्हा ओळीत ‘१०×४०’चं चारशे असेल, तर पट्टीशी न जुळणं हा पट्टीचा गुन्हा नव्हे.

पट्टीही एका बाबतीत फसते. फाइलमध्ये चित्राची एकच कड धरून ओढली, तर ते आडवं ताणलं जातं आणि आडवी पट्टी फक्त आडव्या मापालाच खरी राहते. उभी पेशी तिच्याने मोजली की चुकलंच. पेशीकेंद्रकं सगळी एकाच दिशेला लंबगोल दिसली, तर शंका घ्या. आणि १४ मिलिमीटरच्या पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की साडेतीन टक्के गेले, तेव्हा २२८.५७ लिहू देऊ नका. ‘सुमारे २३० मायक्रोमीटर’ पुरे. आणि हो, ‘मायक्रॉन’ नको. ते नाव १९६७ सालीच आंतरराष्ट्रीय परिषदेने रद्द केलंय, तरी आमचे मुख्याध्यापक अजून तेच म्हणतात.